तीळ जाळण्याआधी: मेलानोमा ओळखताना या चुका टाळा

तीळ वाढला की चुना-सोडा लावणं, पार्लरमध्ये जाळून घेणं किंवा लेझरने उडवणं आपल्याकडे सर्रास चालतं. यातला एखादा तीळ मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर असेल, तर वरचा डाग जातो, खाली पेशी उरू शकतात आणि तपासायला तुकडाच राहत नाही. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे फक्त उन्हात येणारी कातडी बघणं. आपल्या सावळ्या त्वचेत मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि कुरूप किंवा मार लागल्याची खूण समजून महिनोन् महिने तसाच राहतो.

समजा, टाचेवर काळा डाग आहे. त्याच्या मधोमध मनातल्या मनात रेघ ओढा. साध्या तिळाचे दोन्ही अर्धे साधारण सारखे दिसतात. इथे मात्र एक बाजू गोल आणि तपकिरी, दुसरी लांबट आणि काळी. आता कड बघा. साध्या तिळाची कड एकसारखी असते. या डागाची एकीकडे खाचाखाचांची, तर दुसरीकडे कागदावर शाई फुटावी तशी कातडीत पसरलेली. यातलं एक लक्षण दिसलं तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पण ही लक्षणं नाहीत म्हणून निर्धास्तही होऊ नका. मेलानोमाचा एक प्रकार चक्क गोल, नीट कडेच्या गाठीसारखा येतो. टणक गाठ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल तर थांबू नका.

शक्य असेल तर डाग वरवर न खरवडता कडेची थोडी चांगली कातडी घेऊन पूर्ण काढतात, कारण पॅथॉलॉजिस्टला खोली मोजायची असते. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये ही मोजणी मांडली: वरच्या त्वचेतल्या दाणेदार थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कॅन्सरपेशीपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये.

डाग किती पसरलाय यावरून आजाराचा अंदाज बांधू नका. रुपयाएवढा डाग अर्धा मिलिमीटरच खोल असू शकतो आणि वाटाण्याएवढी गाठ चार मिलिमीटर. वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. खालच्या थरात रक्तवाहिन्याही असतात आणि लसीका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्याही. पेशी जितक्या खोल, तितक्या त्या वाटांनी बाहेर पडण्याची शक्यता जास्त.

आपल्या टाचेच्या डागाची जाडी 0.6 मिलिमीटर निघाली आणि वर व्रण, म्हणजे कातडी फुटून झालेली उघडी जखम, नसला, तर भोवतीची साधारण एक सेंटीमीटर कातडी काढून बहुतेकदा काम भागतं. तीच 2.4 निघाली, तर दोन सेंटीमीटर काढतात आणि लसीकावाहिन्यांच्या वाटेवरची जांघेतली पहिली गाठ, म्हणजे लसीकाग्रंथीही तपासायचा सल्ला देतात. म्हणून रिपोर्ट हातात आला की ‘ब्रेस्लो जाडी’ आणि व्रण आहे का, या दोन ओळी आधी शोधा. जाडी लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना विचारा.