«विश्लेषण वर्णनात्मक आहे» असा शेरा आल्यावर प्रकल्प अहवाल कसा दुरुस्त करावा

समजा, रावेर तालुक्यातल्या 40 केळी उत्पादकांची पाहणी करून तुम्ही एम.ए.चा प्रकल्प लिहिला. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, 'हे तर तक्त्यात दिसतंच आहे.' अशा वेळी बहुतेक जण 'लक्षणीय', 'उल्लेखनीय' अशी विशेषणं पेरतात. त्याने काही होत नाही.

आधी प्रिंट घेऊन बसा. हाताने तक्ता झाका आणि खालचा परिच्छेद वाचा. 'तक्ता 4 वरून असे दिसते की 65 टक्के शेतकरी टिश्यूकल्चर रोपे लावतात, तर 35 टक्के कंद लावतात.' तक्त्यातलीच गोष्ट वाक्यात आली. अशा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढा. पानभर रेघा दिसल्या की शेरा का आला ते कळतं.

आता रेघ ओढलेल्या वाक्याला आपल्या अहिराणीत विचारा, 'कसाले?' 26 जणांनी रोपं का लावली असतील? उत्तर मनाने लिहू नका, भरलेल्या प्रश्नावल्या पुन्हा काढा. रोपांचा तक्ता पाण्याच्या प्रश्नाशी जोडून मोजा. समजा असं निघालं: रोपं लावणाऱ्या 26 पैकी 19 जणांकडे स्वतःची ट्यूबवेल आहे, कंद लावणाऱ्या 14 पैकी फक्त 4 जणांकडे. आता बोलायला काहीतरी सापडलं.

परिच्छेद नव्याने लिहा, दावा पहिल्या वाक्यात:

'रोपांची निवड पाण्याच्या खात्रीशी जोडलेली दिसते. ट्यूबवेल असलेल्या 23 पैकी 19 जणांनी रोपे लावली, नसलेल्या 17 पैकी 7 जणांनी. रोपे विकत घ्यावी लागतात आणि लागवडीनंतर त्यांना पाण्याचा ताण सोसत नाही. कंद मात्र स्वतःच्या बागेतून काढता येतो. त्यामुळे पाण्याची खात्री नसलेला शेतकरी आधीच पैसे गुंतवायला कचरत असावा.'

'असावा' मुद्दाम आहे. ट्यूबवेलवाल्यांकडे जमीनही जास्त असेल, तर खरं कारण पैसा असू शकतं. म्हणून जमिनीचे दोन गट पाडून तीच मोजणी पुन्हा करा. लहान शेतकऱ्यांतही पाण्याचा फरक टिकला, तर दावा बळकट. नाही टिकला, तर तसं लिहा. अर्थात 40 जणांचे गट पाडले की एका खान्यात चार-पाचच नावं उरतात, तिथे टक्केवारी न देता संख्याच द्या.

पाणी असूनही कंद लावणारे ते चौघे गाळू नका. मुलाखतीच्या वहीत त्यांची उत्तरं बघा, सगळ्यात रोचक ओळी तिथेच मिळतात. 'शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे' हे वाक्य मात्र खोडा. प्रश्नावलीत जागरूकता विचारलीच नसेल, तर तो अर्थ तुमच्या माहितीतून निघालेला नाही.

सगळ्या तक्त्यांना एवढा वेळ देऊ नका. वय, शिक्षण, कुटुंबाचा आकार एका परिच्छेदात उरका. उद्दिष्टांशी थेट जोडलेले तीन-चार तक्ते निवडा, त्यांवरच ही मेहनत घ्या. मग निष्कर्षाचं प्रकरण उघडा, कारण तिथे जुनीच टक्केवारी बसलेली असते. परत देताना कोणत्या पानावर काय बदललं, याचा अर्ध्या पानाचा कागद वर टाचा.