दवाखान्यासाठी कर्ज काढण्याआधी (आणि सोन्याची तारीख!)

बाबांच्या बायपासच्या वेळी आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ गहाण ठेवून मी 3 लाख उचलले. वर्षभराने लिलावाची नोटीस आली. म्हणून ही यादी.

आधार, पॅन, पासबुक घ्यालच. रेशनकार्डही घ्या. अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा, कारण रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल आणि शस्त्रक्रिया यादीत बसत असेल, तर कर्ज काढायची वेळच येणार नाही. खर्चाचा अंदाज लेखी मागा. आयसीयू आणि औषधं त्यात धरली आहेत का, तेही विचारा.

आता सोनं. घाईच्या वेळी मला हाच मार्ग बरा वाटतो, पैसे बहुधा त्याच दिवशी मिळतात. खडे-मण्यांचं वजन वजा होतं आणि घडणावळीला किंमत नसते, तेव्हा घरी मनात धरलेला आकडा सोडून द्या. पण सही करण्याआधी विचारा: व्याज दरमहा भरायचं की शेवटी? शेवटची तारीख कोणती? मी हे विचारलंच नाही. हप्ता नाही म्हणून उलट खूश होतो. 12 टक्क्यांनी वर्षअखेर 3,36,000 एकरकमी द्यायचे होते. दरमहा नुसतं 3,000 व्याज भरत गेलो असतो, तर निदान मुद्दलच उरलं असतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहा, आईला सांगा, बायकोला सांगा. पावती कपाटात ठेवून विसरू नका, मी तेच केलं होतं.

वैयक्तिक कर्जात दर ‘फ्लॅट’ म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर आहे की घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर, एवढं आधी बघा. 2 लाखांना 3 वर्षांसाठी 14 टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे 6,835 पडतो, आणि तेच 14 टक्के फ्लॅट असेल तर 7,889. दोन्हीकडे ‘चौदा टक्के’च सांगतात! मुख्य तथ्य विवरणपत्र मागा, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर दिलेला असतो. आणि बाबा घरी बसल्यावर त्यांचा पगार येणार आहे का? हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो.

रुग्णालयाचे ‘बिनव्याजी’ हप्ते म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. प्रक्रिया शुल्क किती, रोखीने भरल्यास सूट मिळाली असती का आणि बिल कमी आलं तर उरलेली रक्कम कोणाकडे जाते, हे विचारून घ्या.

लोकवर्गणीची ऑनलाइन मोहीम आज रात्रीच्या अनामतीसाठी धरू नका. ती पुढच्या बिलांना उपयोगी पडते. डॉक्टरांचं पत्र आणि अंदाजपत्रक जोडा, कमिशन किती ते बघा. बाबांचा फोटो टाकण्याआधी त्यांना विचारा.

डिस्चार्जच्या दिवशी मूळ बिलं, पावत्या, फाइल. घरी गेल्यावर औषधांना महिन्याचे पैसे बाजूला.

आणि सोन्याची तारीख. लिहिली का?