लोगो ॲपमध्ये आणि होर्डिंगवर: या चुका टाळा

समजा, 'रानमेवा' नावाचं ॲप आहे. चिन्ह म्हणजे करवंदाची डहाळी: तीन फळं, दोन पानं, पानांवर बारीक शिरा. शेजारी देवनागरीत नाव, खाली घोषवाक्य. लेटरहेडवर हे छान दिसतं. बिघडतं ते दोन्ही टोकांना.

एकच फाइल लहान करत नेणं

पानाची शीर चिन्हाच्या रुंदीच्या 2 टक्के जाड असेल, तर 24 पिक्सेलमध्ये तिच्या वाट्याला अर्धा पिक्सेलही येत नाही. रेघेऐवजी करडा डाग उमटतो. छोटं रूप वेगळं काढावं लागतं: एक फळ, एक पान, शिरा नाहीत. रेघ रुंदीच्या किमान बाराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे 24 मध्ये 2 पिक्सेल. फळ आणि पान यांच्यातली फटही तेवढीच. नाव इथे घालूच नका, शिरोरेषा आणि मात्रा चिकटून जातात.

चौकट काठोकाठ भरणं

अँड्रॉइडच्या ॲडॅप्टिव्ह, म्हणजे फोननुसार आकार बदलणाऱ्या आयकॉनचा थर 108 dp चा असतो. dp हे अँड्रॉइडचं पडद्यावरच्या मापाचं एकक. पण न कापता दिसण्याची खात्री फक्त मधल्या 66 dp व्यासाच्या वर्तुळाची. पानाचं टोक बाहेर गेलं की गोल आयकॉनच्या फोनवर ते कापलं जातं, चौकोनी आयकॉनच्या फोनवर मात्र शाबूत दिसतं. म्हणून चूक उशिरा कळते. डिझाइनवर ते वर्तुळ ठेवूनच तपासा.

नोटिफिकेशनमध्ये पांढरा चौकोन

इथे अँड्रॉइड रंग बघत नाही, फक्त पारदर्शकता बघतं. पार्श्वभूमीसह लोगो दिला की सगळा चौकोन पांढरा होतो. पारदर्शक पार्श्वभूमीवरची एकरंगी आकृती द्या. अँड्रॉइड 13 पासूनच्या थीम आयकॉनलाही एकरंगी थरच लागतो.

होर्डिंग मोठं आहे असं समजणं

ही चूक सर्वांत महागात पडते. 20 बाय 10 फुटांचा फलक 300 फुटांवरून डोळ्याला तेवढाच दिसतो, जेवढा हातभर नव्हे, फूटभर अंतरावर धरलेला 2 सेंटिमीटर रुंद कागद. म्हणून तिथेही तपशीलवार डहाळी नको. छोटंच रूप, सोबत ठसठशीत नाव.

अक्षराची उंची दर 10 फुटांना 1 इंच धरतात, म्हणजे 300 फुटांसाठी 30 इंच. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत घ्या. वेलांटी आणि उकार त्याहून वेगळे. घोषवाक्य 6 इंचांचं केलं, तर या हिशोबाने ते 60 फुटांवरून नीट वाचता येईल, आणि ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी तेवढं अंतर साधारण एका सेकंदात पार करते. ते काढून टाका. फलक 2 सेंटिमीटर रुंद छापून फूटभरावरून बघा: नाव वाचता येत नसेल, तर रस्त्यावरही येणार नाही.

रात्री दिव्याच्या फलकावर गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं फुगल्यासारखी दिसतात. 'व', 'ब' यांच्या पोटातली जागा भरून येते. त्यासाठी थोडं बारीक वजन वेगळं ठेवा.

छपाईला व्हेक्टर फाइल द्या आणि अक्षरं आधी आउटलाइनमध्ये बदला. नाहीतर छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरं सुटतात, मात्रा सरकतात.