गल्लीच्या तोंडाशी गाडी लावताना

धरमपेठेतल्या एखाद्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येताना पहिला धोका उजवीकडून असतो. म्हणून तोंडाच्या अलीकडे, म्हणजे रहदारी जिकडून येते त्या बाजूला, कोपऱ्याला चिकटून लावलेली गाडी जास्त घातक. गल्लीतून निघणाऱ्याचे डोळे बोनेटच्या टोकापासून साधारण 2 मीटर मागे असतात. त्याला दिसेपर्यंत नाक रस्त्यात आलेलं असतं.

ताशी 40 किमीने येणारी स्कूटर सेकंदाला 11 मीटर जाते. भान येऊन ब्रेक लागेपर्यंत 11 आणि पुढे थांबायला 9, म्हणजे कोरड्या रस्त्यावरही 20 मीटर लागतात. कोपऱ्यापासून 10 मीटर, म्हणजे जवळपास अडीच गाड्यांइतकी जागा सोडली, तर त्या 20 मीटरवरची स्कूटर दिसू शकते. एसयूव्ही असेल तर आणखी सोडा, तिच्या काचेतून पलीकडचं दिसत नाही.

बसथांब्याआधी किमान 15 मीटर मोकळे ठेवा. 12 मीटरची बस कडेला वळू शकली नाही, तर प्रवासी भर रस्त्यात उतरतात आणि डावीकडून दुचाक्या घुसतात. फाटकासमोर तर नकोच. अग्निशमनाच्या नळापाशीही नको, तिथे पाइप जोडायला माणूस उभा राहतो.