अनुभवाच्या अटीवर अर्ज बाद झाला? फेरविचाराचं पत्र असं लिहा

‘आपण अनुभवाची अट पूर्ण करत नाही’ अशी एक ओळ मेलवर येते आणि माणूस त्याच रात्री उत्तर लिहायला बसतो. मीही बसले होते. दोन पानं भरून अट कशी चुकीची आहे ते त्या संस्थेला समजावलं होतं. उत्तर आलं नाही. त्यानंतर लातूर-औसा भागातल्या पुष्कळ मुलांची अशी पत्रं मी लिहून दिली आहेत.

आधी जाहिरात काढा आणि अटीचं वाक्य शब्दशः वाचा. ‘पदविकेनंतर’, ‘पूर्णवेळ’, ‘संबंधित कामाचा’ आणि अनुभव कोणत्या तारखेपर्यंत धरणार, यावर सगळं ठरतं. जिल्हा परिषदेची कंत्राटी भरती असेल आणि पात्र-अपात्र यादी लागली असेल, तर यादीसोबत दिलेल्या मुदतीतच हरकत द्या. तिथं अट सैल करा म्हणून उपयोग नाही, कारण छाननी करणाऱ्याला तो अधिकार नसतो. मोजणीत काही सुटलं असेल तर तेवढं दाखवा. खासगी कंपनी किंवा संस्थेत थोडी मोकळीक असते, पण तिथंही मोजणीपासूनच सुरुवात करावी.

आता अवघड भाग, म्हणजे केलेल्या कामांचा उल्लेख. औसा तालुक्यातल्या एका मुलाचं उदाहरण सांगते. स्थापत्य पदविका झालेली. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेची अट होती पदविकेनंतर 36 महिने आणि त्याचं प्रमाणपत्र होतं 26 महिन्यांचं. त्याआधी 11 महिने तो एका ठेकेदाराकडे नाला खोलीकरणाची मापं घेत होता, पण अर्जात ते ‘इतर माहिती’खाली ‘विविध प्रकल्पांत सहभाग’ एवढंच लिहिलेलं. छाननीत ते कुणी कसं धरणार? तो पत्र लिहून घेऊन आला: ‘तीन वर्षांहून जास्त काम केलेलं असताना मला अपात्र ठरवणं योग्य नाही.’ या वाक्यात समोरच्यानं तपासावं असं काहीच नाही, आणि चूक मात्र त्याच्या माथी मारलेली.

आम्ही असं लिहिलं: ‘अर्जासोबत मी 26 महिन्यांचं अनुभव प्रमाणपत्र जोडलं होतं. त्याआधी, पदविकेनंतर, 11 महिने मी नाला खोलीकरणाच्या दोन कामांवर पूर्णवेळ मोजमापं घेतली. अर्जात मी हे वेगळं दाखवलं नव्हतं. कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या झेरॉक्स आणि पगाराच्या बँक नोंदी सोबत जोडल्या आहेत. दोन्ही मिळून 37 महिने होतात. जाहिरातीतल्या “संबंधित कामा”त हे बसत असल्यास अर्जाचा फेरविचार व्हावा, ही विनंती.’

राहून गेलं ते स्वतःकडे घेतलं आणि निर्णय त्यांच्याकडे ठेवला. बसतं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

कामाचं वर्णन करताना ‘गावात पाणी आलं’ असं लिहू नका. ते श्रेय पावसाचं, गावाचं, अनेकांचं असतं. तुमच्या हातानं काय झालं ते लिहा. या मुलानं लिहिलं: नाला 400 मीटर लांब, वर 8 आणि तळाशी 4 मीटर रुंद, दीड मीटर खोल; सरासरी रुंदी 6 मीटर धरून 3,600 घनमीटर खोदाई. पुढं एक वाक्य: ‘उपसलेली माती फुगते, म्हणून ट्रॅक्टरच्या खेपा न मोजता खोदाईआधीच्या आणि नंतरच्या लेव्हल घेऊन माप काढलं.’ हे वाक्य वाचणारा अभियंता असेल, तर मुलगा प्रत्यक्ष नाल्यात उतरलेला आहे हे त्याला लगेच कळतं. दहा प्रकल्पांची यादी देऊ नका; असं एक पुरतं.

पत्र झालं की त्यातला ‘च’ शोधा. ‘हा अनुभव संबंधितच आहे’ यातला ‘च’ काढला की भांडण निघून जातं. ‘वास्तविक’, ‘तरीही’, ‘अन्याय’ हेही काढा, आणि दुसऱ्या उमेदवाराचं नाव तर चुकूनही नको.

एकाच महिन्यात दोन कामं केली असतील तरी तो महिना एकदाच धरा. ‘पदविकेनंतर’ म्हटलं असेल तर शिकताना उन्हाळ्यात केलेलं काम त्यात घालू नका. सगळं धरूनही 33 महिनेच भरत असतील तर तसं सरळ लिहा. ओढूनताणून 36 केलेले महिने कागद लावताना उघडे पडतात.

पत्र एका पानात, त्याच मेलला उत्तर म्हणून, अर्ज क्रमांकासह. आमदारांची चिठ्ठी जोडू नका.

आणि पाठवण्याआधी त्या जुन्या ठेकेदाराला फोन करून सांगा. या मुलाच्या वेळी संस्थेनं चौथ्या दिवशी ठेकेदाराला फोन लावला. कुठलं गाव, कुठले महिने, हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यानं तारखांसकट सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलाखतीचा मेल आला.