हिरड्यांतून रक्त आणि ताठरतेची तक्रार: या चुका टाळा

मी हिरड्यांची डॉक्टर आहे, दादरला बसते. खुर्चीत बसलेल्या पुरुषाला बीपी आणि शुगरबद्दल विचारलं की तो सहज उत्तर देतो. लैंगिक संबंधांच्या वेळी ताठरता नीट येते का, असं विचारलं की बहुतेक जण दचकतात. दाताच्या डॉक्टरला याच्याशी काय घेणं, हा प्रश्न चेहऱ्यावर दिसतो. पण घेणं आहे. हिरड्या आणि लिंग या दोन्ही ठिकाणी काम बारीक रक्तवाहिन्यांचं असतं, आणि त्या बिघडायला लागल्याची खूण या दोन जागी बऱ्याचदा लवकर दिसते.

नेहमी दिसणारं चित्र एका माणसात गोळा करून सांगते. वय ४६, राहायला लालबाग, कामाला अंधेरी. दोन वर्षांपासून ब्रश करताना रक्त येतंय, तोंडाला वास येतो. वर्षभरापासून ताठरता पूर्ण येत नाही, आली तर टिकत नाही. सकाळी उठताना यायची तीही आता क्वचितच येते. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, असं त्याच्या मनातही आलेलं नाही. त्याने केलेल्या चुका नेहमीच्याच आहेत.

रक्त येतं म्हणून ब्रश हळू करणं

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा त्याने पेस्ट बदलली. मग मीठ-हळद चोळली. नंतर ज्या बाजूला रक्त येतं, तिथे ब्रश फिरवणंच सोडलं. इथेच आजार वाढतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक फट असते, निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. तिथे जिवाणूंचा थर साचून त्याचं कीटण झालं की हिरडी सुजते, फट खोल होते आणि आतलं हाड झिजायला लागतं. या माणसाच्या दाढांपाशी ती ५ ते ७ मिलिमीटर निघाली. एवढ्या खोल ब्रश जात नाही, आणि मीठ-हळद तर वरच राहते. दुखत मात्र काहीच नसतं, म्हणून वर्षं निघून जातात.

फटीच्या आतल्या बाजूला हिरडीचं अस्तर फाटलेलं असतं. पुष्कळ दातांना आजार असेल तर ही उघडी जखम ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरू शकते. रोज चावताना, ब्रश करताना तिथून जिवाणू आणि सुजेची रसायनं रक्तात जातात. यकृत त्याला प्रतिसाद म्हणून सीआरपी नावाचं प्रथिन वाढवतं, आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सतत चिडलेलं राहतं.

सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धूम्रपानाने हिरडीचं रक्तस्राव होणं दबतं. त्यामुळे आतून हाड गेलेलं असतानाही रक्त येत नाही आणि माणूस निश्चिंत राहतो. मग कधीतरी सिगारेट सोडतो आणि काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त यायला लागतं. "सोडल्यावर उलट त्रास वाढला" असं म्हणत तो पुन्हा ओढायला लागतो. त्याने खरं तर उलट करायला हवं. जे झाकलेलं होतं ते आता दिसतंय, म्हणून त्याच आठवड्यात हिरड्या तपासून घ्याव्यात. मिशरी लावणाऱ्यांचा दात स्वच्छ होत असल्याचा समजही चुकीचा आहे. ती भाजलेली तंबाखूच असते, आणि तिचं निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं.

ताठरतेच्या तक्रारीला 'कमजोरी' म्हणणं

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती पुरुषांना हाच शब्द शिकवतात. या माणसानेही आधी 'शक्तीची' आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी पुडी घेतली. अशा पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं आढळलेलं आहे, त्यामुळे "जडीबुटी आहे, अपाय नाही" हा भरवसा धरू नका.

ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. मेंदूकडून संदेश आला की लिंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि मज्जातंतू नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने वाहिन्यांचे स्नायू सैलावतात, रक्त आत शिरतं आणि दाबामुळे बाहेर जायची वाट बंद होते. अस्तर सुजलेलं, चिडलेलं असेल तर हा वायू कमी बनतो. शरीरात तो नेमकं काय काम करतो, हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. सिल्डेनाफिलची गोळीही याच साखळीतल्या पुढच्या टप्प्यावर काम करते.

आता आकार बघा. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. नुकसान सगळीकडे सारखंच होत असलं तरी बारीक वाहिनीत ते आधी जाणवतं. म्हणूनच ज्यांना पुढे हृदयाचा त्रास होतो, त्यांच्यापैकी अनेकांना ताठरतेची तक्रार साधारण दोन ते पाच वर्षं आधीपासून असते. ही वर्षं 'शक्तीच्या' पुड्यांत घालवली तर हृदय तपासून घ्यायची संधी हातची जाते.

मग हे सगळं टेन्शनमुळे नाही, हे कसं ओळखायचं? तक्रार अचानक सुरू झाली, पण सकाळची ताठरता शाबूत आहे आणि हस्तमैथुनाच्या वेळी अडचण येत नाही, असं असेल तर मनाचा वाटा मोठा असतो. हळूहळू, महिन्यामहिन्याने कमी होत गेली आणि सकाळचीही गेली, तर रक्तवाहिन्यांचा संशय आधी घ्यायचा. दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच आहे. तक्रार तीन महिने टिकली की थांबू नका.

दोन डॉक्टर, दोन अर्धवट गोष्टी

लालबागच्या माणसाने फॅमिली डॉक्टरला फक्त ताठरतेचं सांगितलं आणि मला फक्त रक्ताचं. मी विचारलं नसतं तर दोन्ही गोष्टी कधी एकत्र आल्याच नसत्या. हिरड्यांचा आजार हा ताठरतेचा पुरावा नव्हे, हे आधी स्पष्ट करते. हिरड्यांतून रक्त येणाऱ्या बहुतेक पुरुषांचं तसं काही बिघडलेलं नसतं. पण दोन्ही एकत्र दिसले की मागे मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा वाढलेलं पोट असण्याची शक्यता बरीच असते. म्हणून मी चाचण्या सुचवते आणि चिठ्ठी देऊन फिजिशियनकडे पाठवते: तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी, कोलेस्ट्रॉल, बीपी, कंबरेचा घेर आणि सकाळी ८ ते १० च्या दरम्यान घेतलेल्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन.

याची एचबीए१सी ७.९ आली. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. बीपी १५०/९६, कंबर ९८ सेंटिमीटर, म्हणजे भारतीय पुरुषांसाठीच्या ९० च्या मर्यादेपेक्षा जास्त. टेस्टोस्टेरॉन ठीक होतं. मधुमेह असल्याचं त्याला त्या दिवशी कळलं.

बीपीची गोळी काय चालू आहे, तेही दाताच्या डॉक्टरला सांगा. अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात आणि सुजल्यासारख्या दिसतात. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नका. ती बदलायची की नाही, ते फिजिशियन ठरवतील.

स्केलिंगला घाबरणं, नाहीतर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरणं

"मशीनने साफ केलं की दात हलायला लागतात" हे मी रोज ऐकते. दात आधीच हलत असतात, हाड गेल्यामुळे. कीटणाने ते एकमेकांना बांधल्यासारखे राहतात, म्हणून कळत नाही. कीटण निघालं, सूज उतरली की फटी दिसतात. काही आठवडे थंड लागल्यावर झिणझिण्याही येतात. हे सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्या बैठकीला येतच नाही.

खोल फटींसाठी वरवरचं स्केलिंग पुरत नाही. भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागते, दोन-तीन बैठकींत. मग ८ ते १२ आठवड्यांनी फटी पुन्हा मोजायच्या. जिथे ५ मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि रक्त राहिलं असेल तिथे पुढचा उपचार. मोजमाप न करता "आता बरं दिसतंय" असं सांगणाऱ्या डॉक्टरला फटी किती मिलिमीटरच्या आहेत ते विचारा.

याचा रक्तवाहिन्यांना फायदा होतो का? २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात गंभीर हिरडीविकाराच्या १२० रुग्णांमध्ये हाताच्या धमनीचं प्रसरण मोजलं होतं. सखोल सफाईनंतर पहिल्या दिवशी ते कमी झालं, सहा महिन्यांनी मात्र साध्या उपचारापेक्षा चांगलं होतं. सफाईनंतर एक-दोन दिवस अंग कसनुसं वाटलं तर घाबरू नका. ताठरतेवर तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी सुधारणा दिसली, पण तिथे मोजमाप प्रश्नावलीच्या गुणांचं होतं आणि रुग्ण थोडे होते. तेवढ्यावरून मी कोणाला शब्द देत नाही. मधुमेहींमध्ये हिरड्यांच्या उपचाराने एचबीए१सी तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ने खाली येते. हा आधार जास्त पक्का आहे.

लालबागच्या माणसाच्या दाढांच्या फटी तीन महिन्यांनी ३-४ मिलिमीटरवर आल्या, एकच ५ वर राहिली. एचबीए१सी ६.९ झाली. त्यात मोठा वाटा मधुमेहाच्या गोळीचा, रोजच्या चालण्याचा आणि तंबाखू सोडण्याचा. सकाळची ताठरता परत यायला लागली, तरी संबंधाच्या वेळी कधी कधी गोळी लागते.

माउथवॉशने भागवणं

पालेभाज्या आणि बिटातलं नायट्रेट लाळेत येतं. जिभेवरचे काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि त्यातून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. क्लोरहेक्सिडिनसारखं जंतुनाशक माउथवॉश महिनोन्महिने वापरलं तर हे जिवाणूही मरतात. काही अभ्यासांत त्यामुळे बीपी दोन-तीन अंकांनी वाढलेलं दिसलंय. सफाईनंतर सांगितलेले दिवसच ते वापरा, साधारण दोन आठवडे. एरवी मऊ ब्रश दोन वेळा आणि दाढांच्या फटींत बारीक इंटरडेंटल ब्रश एकदा. नियमित केलंत तर रक्त येणं एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर आत कीटण आहे, आणि ते घरी निघत नाही. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे.

मेडिकलमधून परस्पर गोळी घेणं

सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायची असते, आणि तेलकट जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा होतो. इच्छा नसेल तर ती काम करत नाही. एक-दोनदा जमलं नाही म्हणून "मला लागू पडत नाही" असं ठरवू नका. डोस आणि वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि निदान सहा-आठ वेळा प्रयत्न करा. मात्र दोन जिने चढताना छातीत दाटत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. छातीत दुखण्यावरची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कोणतीही गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल किंवा त्याच जातीचं टाडालाफिल अजिबात घेऊ नका, बीपी जीवघेणं खाली जातं. आणि गोळी घेतल्यानंतर छातीत दुखून रुग्णालयात जावं लागलं, तर लाज बाजूला ठेवून तिथल्या डॉक्टरांना गोळीचं नाव आणि वेळ सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास जिभेखाली सॉर्बिट्रेट देता येत नाही, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही.