घरची आठवण आई-वडिलांना कशी कळवावी : परदेशात शिकणाऱ्या बेळगावकरांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा खुद्द बेळगाव शहरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलामुलींना पहिल्या हिवाळ्यात एक अडचण हमखास येते. घराची आठवण असह्य होते, ती घरी सांगावीशी वाटते, आणि सांगितली तर आईची झोप उडेल हेही ठाऊक असते. यावर दिला जाणारा नेहमीचा सल्ला म्हणजे ‘घरच्यांना काही कळू देऊ नका’ किंवा त्याच्या अगदी उलट ‘मन मोकळे करा’. दोन्ही सल्ले निरुपयोगी आहेत. पहिला पाळला तर आई फोनवरचा आवाज ऐकूनच ओळखते की काहीतरी लपवले जात आहे, आणि मग जे लपवले आहे ते तिच्या कल्पनेत वाढत जाते. दुसरा पाळला तर तुमचे मन हलके होते, पण ते ओझे सात हजार किलोमीटरवर अशा माणसांच्या माथ्यावर जाते ज्यांना त्याबाबत काहीच करता येत नाही. मी जर्मनीत बरीच वर्षे आहे आणि आपल्या भागातून नव्याने येणारी मुले असे संदेश पाठवण्यापूर्वी मला दाखवतात. खालील उदाहरणे जर्मनीतील आहेत. दुसऱ्या देशात असाल तर फक्त वेळेचा हिशेब बदला.

माध्यमाचा प्रश्न पटकन मिटवू. लिहून पाठवा, देवनागरीत लिहा आणि ध्वनिमुद्रित निरोप पाठवू नका. आवाजातला कंप शब्दांपेक्षा आधी पोहोचतो. शिवाय आपल्याकडे मुलाचा संदेश एकट्याने वाचला जात नाही. वडील तो मोठ्याने वाचून आजीला ऐकवतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला रोमन लिपीतील मराठी अडखळत वाचावी लागते. घरच्या सामायिक गटात मात्र हा संदेश चुकूनही टाकू नका, कारण त्यानंतर तासाभरात मावशी, आत्या आणि चुलते आईला फोन करतात आणि तुमची साधी आठवण संध्याकाळपर्यंत आजारपण होऊन खानापूरच्या बाजारात पोहोचते.

संदेश आई आणि वडील दोघांच्या नावे असावा. फक्त आईला लिहून शेवटी ‘आप्पांना सांगू नकोस’ असे जोडणाऱ्यांना माझे स्पष्ट सांगणे आहे की, यापेक्षा आईला एखादी जड वस्तू दिवसभर डोक्यावर धरायला सांगितलेले बरे.

वेळ मात्र नीट सांभाळावी लागते. जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेचार तास मागे असते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तास. घराची आठवण बहुधा रात्री दाटून येते. डिसेंबरात रात्री 10 वाजता पाठवलेला संदेश बेळगावात पहाटे 2.30 ची वेळ दाखवतो. सकाळी उठल्यावर आई मजकूर नंतर वाचते, वेळ आधी पाहते. पाठवून झाल्यावर पश्चात्ताप झाला म्हणून संदेश पुसला, तर तो पुसल्याची खूण मागे राहते आणि ती कोणत्याही मजकुरापेक्षा वाईट असते. म्हणून रात्री जे लिहावेसे वाटते ते फोनमधील टिपणवहीत लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, घरी संध्याकाळचा चहा होण्याच्या सुमारास, त्यातून संदेश तयार करावा. हिवाळ्यात जर्मनीतील दुपारी 1 म्हणजे घरचे 5.30.

अवघड भाग : आठवणीचे वाक्य

बाकी सगळे सोपे आहे. खरी कसोटी त्या एका वाक्याची असते ज्यात आठवण आली असे सांगायचे असते. मलाही सर्वांत जड हेच गेले, आणि येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मसुद्यात गडबड याच ठिकाणी असते. खानापूर तालुक्यातील एका मुलाचा मसुदा ओळख पटणार नाही इतका बदलून येथे देतो.

‘आई, इथं खूप एकटं वाटतं. कोणीच बोलत नाही. रोज रात्री तुमची आठवण येते. जेवण जात नाही. पण तुम्ही काळजी करू नका, मी ठीक आहे.’

यातील एकही वाक्य त्याने मुद्दाम खोटे लिहिले नव्हते, तरीही हा मसुदा पाठवण्याजोगा नव्हता. ‘खूप’, ‘कोणीच’ आणि ‘रोज’ या शब्दांना कडा नाहीत. ते वाचणारी आई त्या मोकळ्या जागेत स्वतःची भीती भरते. प्रत्यक्षात काय घडले होते, हे मी त्याला विचारले तेव्हा कळले की रविवारी दुपारी चारच्या सुमारास अंधार पडला, वसतिगृहातील बहुतेक मुले आपापल्या गावी गेली होती आणि तो पाऊण तास खोलीत नुसता बसून राहिला. उत्तर जर्मनीत डिसेंबरात चारच्या आसपास सूर्य मावळतो, तर बेळगावात सहानंतर; आपल्याकडे त्या वेळेला गुरे घराकडे येत असतात, आणि तिथे दिवस संपलेला असतो. शरीराला हे पटायला वेळ लागतो. म्हणजे ‘रोज रात्री’ची मूळ हकिकत एका रविवारची होती. तिला सुरुवात होती, शेवट होता आणि तिचे कारणही सांगता येत होते. आई-वडिलांना हेच तीन सांगायचे असते: केव्हा वाटले, कशामुळे वाटले आणि ते केव्हा ओसरले.

‘जेवण जात नाही’ हे वाक्य तर पूर्ण काढून टाकावे. आईच्या लक्षात संपूर्ण संदेशातून तेवढेच राहील. विचारल्यावर कळले की त्याने त्या रात्री शेजारच्या खोलीतील केरळच्या मुलाबरोबर आमटी-भात करून पोटभर खाल्ला होता, पण तांदळाला घरच्यासारखा वास नव्हता म्हणून त्याचे मन उदास झाले. मग तांदळाबद्दलच लिहावे. भूक मेल्याचे वाचून आई घाबरते. वास नसलेल्या तांदळाचे वाचून ती त्या तांदळाला नावे ठेवते आणि पुढच्या वेळी येणाऱ्या कोणाबरोबर तरी चार किलो बासमती पाठवता येईल का, याचा विचार करू लागते.

‘काळजी करू नका’ या शब्दांविषयी माझे मत पक्के आहे: ते कधीही लिहू नयेत. काळजीचे कारण असल्याशिवाय हे कोणी लिहीत नाही, हे आई-वडिलांना ठाऊक असते. ‘मी ठीक आहे’ हेही वगळावे. ठीक असल्याचा पुरावा द्यावा. कोणाबरोबर चहा घेतला, काय शिजवले, उद्या कुठे जायचे आहे, हे लिहिले की ठीक असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

या वाक्याची जागाही महत्त्वाची असते. आरंभी आले तर पुढचे सारे त्याच्याच सावलीत वाचले जाते. शेवटी आले तर ते रात्रभर घरात रेंगाळते. ते मधोमध असावे, त्याआधी एखादी नेहमीची बातमी असावी आणि त्यानंतर लगेच त्या संध्याकाळी तुम्ही उठून काय केलेत ते यावे. शेवटी दोघांना एकेक प्रश्न विचारावा, आणि तो खरा असावा, म्हणजे ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर हवे आहे असा. ज्या माणसाला मदत करता येत नाही त्याला काळजी लागते. आईला आमटीबद्दल विचारले की तिच्या हाती काहीतरी काम येते. पुढच्या फोनची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे सांगावी.

त्या मुलाने सोमवारी दुपारी पाठवलेला संदेश असा होता:

‘आप्पा, आई, परीक्षेचा अर्ज भरला. पुढच्या आठवड्यापासून प्रयोगशाळेचं काम सुरू होईल. काल रविवारी इथं चार वाजताच अंधार पडला आणि खोलीत बसलो असताना घरची फार आठवण आली. पाऊण तास काही सुचलं नाही. मग शेजारच्या केरळच्या मुलाकडे चहाला गेलो आणि रात्री दोघांनी मिळून आमटी-भात केला. आमटी जमली, पण इथल्या तांदळाला आपल्या बासमतीचा वास नाही. आई, तू आमटीत शेवटी काय घालतेस? आप्पा, मळणी झाली काय? यंदा पोती किती आली? बुधवारी रात्री नऊला फोन करतो.’

आठवण लपवलेली नाही, उलट ‘फार’ हा शब्दही ठेवला आहे. पण त्याला रविवारची, अंधाराची आणि पाऊण तासाची कड आहे. लांबीही पाहावी: संदेश इतकाच असावा की फोनच्या पडद्यावर तो अर्धवट कापला जाऊन पुढचे वाचण्यासाठी बोट लावावे लागणार नाही, कारण नेमके आठवणीच्या वाक्याशी तो कापला गेला तर पुढचा चहा आणि आमटी कोणी वाचेलच याची खात्री नसते.

संदेश कसा पोहोचला हे ओळखणे

उत्तरावरून लगेच कळते. ‘पैसे पाठवू काय?’ किंवा ‘नको असलं तर परत ये बघ’ असे आले, किंवा दहा मिनिटांत बहिणीचा वेगळा संदेश आला की ‘खरं सांग, काय झालंय?’, तर वाक्य जड झाले असे समजावे आणि त्याच दिवशी फोन करावा. लेखी खुलासा करत बसू नये, त्याने संशय वाढतो. नुसते ‘बरं’ किंवा जोडलेले हात आले तर बहुधा वडिलांनी वाचले आहे आणि आईने अजून वाचलेले नाही. आणि ‘कोकम घालते, आणि फोडणीला मेथी चार दाणेच घाल’ असे उत्तर आले, तर संदेश जसा हवा तसा पोहोचला आहे.

बुधवारच्या फोनवर आई आठवणीचा विषय काढणारच. तिथे पुन्हा नवे तपशील जोडू नयेत. लिहिले तेवढेच सांगून मळणीकडे वळावे. आणि त्या आठवड्यात फोनवरच्या स्टेटसला उदास गाणी ठेवू नयेत, कारण चुलत भावंडे ती पाहतात आणि संध्याकाळी आईला दाखवतात.

ही पद्धत अधूनमधून येणाऱ्या आठवणीसाठी आहे. झोप आणि जेवण सलग दोन-तीन आठवडे बिघडले असेल, वर्गाला जाणे सुटले असेल किंवा ती पाऊण तासाची कड खरोखरच उरली नसेल, तर ती संदेशात खोटी घालू नये. अशा वेळी आधी तिथल्याच माणसांकडे जावे. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी असलेल्या श्टुडिरेन्डनवेर्क या संस्था मानसिक समुपदेशन देतात आणि विद्यापीठाच्या कार्यालयात त्यांचा पत्ता मिळतो. घरी मात्र लेखी संदेश न पाठवता मोठ्या भावाला किंवा बहिणीला फोन करून सगळे सरळ सांगावे, आणि आई-आप्पांना केव्हा व कसे सांगायचे हे त्यांच्याशी बोलून ठरवावे, म्हणजे ते ऐकताना घरात त्यांच्या शेजारी कोणीतरी असेल.